आधी भाषा ठरते, मग वाक्य शोधलं जातं

फोनची भाषा मराठी केली. घड्याळ मराठी झालं, सेटिंग्ज मराठी झाल्या, कॉलच्या यादीत ‘काल’ आणि ‘आज’ दिसू लागलं. मग वीजबिलाचं अ‍ॅप उघडलं आणि समोर इंग्रजी आलं. त्याआधी फोन हिंदीत होता तेव्हा हेच अ‍ॅप हिंदीत उघडत होतं, म्हणजे मराठी मागितल्यावर हातातली हिंदीसुद्धा गेली. अ‍ॅपच्या मराठी आणि हिंदी आवृत्त्या तपासण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळा हीच तक्रार समोर येते. तिच्यावर बाजारात दोन उत्तरं तयार असतात: ‘फोन जुना झाला’ किंवा ‘हे अ‍ॅप मराठीत नाहीच’. पहिलं उत्तर सहसा खोटं असतं आणि दुसरं अर्धंच खरं असतं. मराठी नाही हे कबूल केलं तरी त्याने इंग्रजी का आली, हिंदी का नाही आली, हे कळत नाही. माझं म्हणणं असं की पडद्यावरची चुकीची भाषा ही फोनची लहर नसते. फोन दोन वेगळी कामं दोन वेगळ्या मापांनी करतो आणि चुकीची भाषा त्या दोन कामांच्या फटीतून बाहेर पडते. ती फट कुठे आहे हे पडद्यावरच्या मिश्रणावरून ओळखता येतं, आणि ती बुजवण्याचं काम बहुतेक वेळा फोन वापरणाऱ्याचं नसून अ‍ॅप बनवणाऱ्याचं असतं.

मुंबईच्या मानखुर्दसारख्या वस्तीत ही फट जास्त बोचते, कारण इथे फोनमध्ये एकच भाषा ठेवून भागत नाही. लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींमध्ये रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांतून उठवलेली कुटुंबं येऊन राहिली. महाराष्ट्र नगर, मंडाळा, जनता नगर या भागांत मराठी, हिंदी, उर्दू आणि दक्षिणेकडच्या भाषा भिंतीला भिंत लावून नांदतात. एकाच फोनवर आई मराठी वाचते आणि मुलगा हिंदी. शेजारच्या घरी आजोबांना उर्दू हवी असते आणि नातवाला इंग्रजी. अशा फोनच्या मालकाला ‘तुमची भाषा कोणती?’ असं विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. ‘आधी मराठी, ती नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी’ हे त्याचं खरं उत्तर. हे उत्तर जसंच्या तसं घेण्याची सोय अँड्रॉइडमध्ये 7.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2016 पासून आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये एकाखाली एक भाषा जोडता येतात आणि बोटाने ओढून त्यांचा क्रम लावता येतो. त्याआधी फोनला एकच भाषा सांगता येत असे. ती अ‍ॅपमध्ये सापडली नाही की थेट अ‍ॅपची मूळ भाषा येई, आणि आपल्याकडे ती जवळपास नेहमी इंग्रजी असते.

हे सगळं कसं चालतं ते समजायला अ‍ॅपच्या पोटात डोकावावं लागतं. अ‍ॅपमधली वाक्यं भाषेप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. हिंदीचा कप्पा `values-hi`, मराठीचा `values-mr`, उर्दूचा `values-ur`. त्याशिवाय एक बिननावाचा कप्पा असतो, नुसता `values`. त्यावर कुठल्याच भाषेची चिठ्ठी नसते. दुसरीकडे काही सापडलं नाही तर शेवटी इथेच यायचं, असा नियम आहे. म्हणून अ‍ॅप बनवणारा आपली मूळ वाक्यं तिथे ठेवतो. आता अ‍ॅप उघडताना फोन पहिलं काम करतो ते असं: वापरणाऱ्याची यादी एका हातात, अ‍ॅपमधल्या कप्प्यांची यादी दुसऱ्या हातात, आणि वरून खाली जुळणी. मराठी आहे का? नसेल तर हिंदी आहे का? जी पहिली जुळली ती अख्ख्या अ‍ॅपची भाषा. हा निर्णय अ‍ॅपमागे एकदाच होतो. दुसरं काम त्यानंतरचं. पडदा रंगवताना प्रत्येक वाक्य, प्रत्येक बटणावरचा शब्द एकेकटा शोधला जातो, पण तो फक्त दोनच ठिकाणी: ठरलेल्या भाषेच्या कप्प्यात, आणि तिथे नसेल तर बिननावाच्या कप्प्यात. नेहमीच्या मांडणीत वापरणाऱ्याच्या यादीतली दुसरी भाषा या दुसऱ्या कामात पुन्हा विचारली जात नाही. भाषा ठरते अख्ख्या अ‍ॅपची, पण शोध होतो एकेका वाक्याचा. फट म्हणतो ती हीच.

वीजबिलाच्या अ‍ॅपवर हे चालवून पाहू. समजा त्यात बिननावाच्या कप्प्यात इंग्रजी आहे आणि `values-hi` मध्ये हिंदीचं पूर्ण, नीट तपासलेलं भाषांतर आहे. मराठी केलेलीच नाही. फोनमधली यादी मराठी, मग हिंदी. नियमाप्रमाणे मराठी जुळत नाही, हिंदी जुळते, आणि अ‍ॅप हिंदीत उघडायला हवं. कागदावर हे अगदी सरळ आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा इंग्रजीत उघडतं, आणि हिंदी भाषांतरावर पैसे खर्च केलेला मालकही चक्रावतो. कारण अ‍ॅप कोणी शून्यातून बांधत नाही. बटणं, कॅलेंडर, ‘मागे जा’चा बाण अशा गोष्टी गूगलने दिलेल्या तयार संचांतून घेतल्या जातात. त्या संचांचं भाषांतर आधीच अनेक भाषांमध्ये झालेलं असतं आणि त्यात मराठीही असते. अ‍ॅप बांधताना संचाचे कप्पे आणि अ‍ॅपचे कप्पे एकत्र होतात. त्यामुळे अ‍ॅप बनवणाऱ्याने एकही मराठी वाक्य लिहिलेलं नसताना अ‍ॅपच्या पोटात `values-mr` नावाचा कप्पा तयार असतो. त्यात ‘रद्द करा’, ‘अधिक पर्याय’ असे चारदोन डझन शब्द असतात, बस्स. फोन पहिलं काम करतो तेव्हा त्याला कप्प्यावरची चिठ्ठी दिसते, कप्पा किती भरलाय ते दिसत नाही. मराठी आहे, असं तो धरून चालतो आणि निर्णय मराठीचा होतो. मग दुसरं काम सुरू होतं. ‘बिल भरा’ हे वाक्य मराठीच्या कप्प्यात शोधलं जातं, सापडत नाही, म्हणून बिननावाच्या कप्प्यातून इंग्रजी येतं. शेजारीच हिंदीचा भरलेला कप्पा असतो, पण तिकडे कोणी वळत नाही, कारण हिंदीचा प्रश्न पहिल्या कामातच मागे पडलेला असतो.

हे घडलंय की नाही ते पडदाच सांगतो. बिलाच्या पानावर `Last date for payment` असं इंग्रजीत असतं आणि त्यापुढे तारीख ‘१५ ऑगस्ट, २०२५’ अशी. तारखेवर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं, त्याच्या खाली ‘रद्द करा’. इंग्रजी वाक्य, मराठी अंक, मराठी बटण. हे मिश्रण अपघाताने येत नाही. तारीख लिहिण्याचे नियम अ‍ॅपच्या कप्प्यातून येत नाहीत, ते फोनमध्येच असतात आणि अ‍ॅपची जी भाषा ठरली असेल तिच्याप्रमाणे लागू होतात. मराठीसाठी त्या नियमांत देवनागरी अंक धरलेले आहेत, हिंदीसाठी मात्र 1, 2, 3 असे अंक. त्यामुळे अंक आणि महिन्याचं नाव यांवरून अ‍ॅपने मनातल्या मनात कोणती भाषा धरली आहे ते कळतं. तारीख ‘15 अगस्त 2025’ अशी आणि बटण ‘रद्द करें’ असेल तर निर्णय हिंदीचा झाला. ‘ऑगस्ट’ आणि देवनागरी अंक असतील तर निर्णय मराठीचा झाला, मग भोवती कितीही इंग्रजी असो. तारीखसुद्धा `15 August 2025` अशी असेल तर मराठीचा प्रश्न अ‍ॅपपर्यंत पोचलाच नाही, किंवा अ‍ॅपने मुद्दाम इंग्रजी धरून ठेवली. यात एक गोम आहे. फोनच्या यादीत एकटी मराठी असेल तरीही हेच मिश्रण दिसतं, कारण मग निवडायला दुसरं काही नसतंच. म्हणून तपासायची रीत अशी: यादीत मराठीखाली हिंदी जोडावी आणि अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं. हिंदी आली तर दोष यादीत होता. तरीही इंग्रजी राहिली तर हिंदी ओढून सगळ्यात वर न्यावी. आता हिंदी आली, तर अ‍ॅपमध्ये हिंदी आहे आणि मराठीच्या पोकळ कप्प्याने तिची वाट अडवली होती, हे सिद्ध होतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण यानंतर ‘फोन जुना झाला’ असं कोणी म्हणू शकत नाही.

यादीतला क्रमही फसवतो. पुष्कळ लोक मराठी, मग इंग्रजी, मग हिंदी असा क्रम लावतात. इंग्रजी फारशी वाचायची नसते, पण फोनला ती लागतेच असं वाटून मध्ये ठेवलेली असते. अँड्रॉइड जुळणी करताना इंग्रजी प्रत्येक अ‍ॅपमध्ये आहेच असं धरून चालतो, कारण बिननावाच्या कप्प्यात बहुधा तीच असते. त्यामुळे इंग्रजीच्या खाली ठेवलेल्या भाषेपर्यंत पाळी येतच नाही. हिंदी वाचणाऱ्या घरात हिंदी इंग्रजीच्या वर हवी. ही एवढी गोष्ट फोन विकत देतानाच सांगितली गेली तर बऱ्याच तक्रारी जागच्या जागी मिटतील. याच गृहीतकाचा उलटा फटका मराठीला बसतो. एखादा मराठी माणूस जिव्हाळ्याने अ‍ॅप बनवतो, मूळ भाषा मराठी म्हणून ती बिननावाच्या कप्प्यात ठेवतो आणि इंग्रजी `values-en` मध्ये घालतो. ज्याच्या फोनमध्ये मराठी आणि खाली इंग्रजी आहे, त्याला हे अ‍ॅप इंग्रजीत दिसतं. मराठी वाक्यं अ‍ॅपमध्ये आहेत, पण त्या कप्प्यावर मराठीची चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नसलेल्या कप्प्यात मराठी असेल अशी शंका फोनला येत नाही. उपाय साधा आहे. मराठी वाक्यांची एक प्रत `values-mr` या नावानेही ठेवायची.

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे बहुधा चांगल्या हेतूनेच घेतात. मराठी आणि हिंदीची लिपी एक, मग मराठी नसेल तिथे फोनने आपणहून हिंदी का दाखवू नये? मुंबईच्या लोकल स्थानकांवर नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहायची रीत आहे, आणि ‘मानखुर्द’ हा शब्द मराठी आणि हिंदीत अक्षर न् अक्षर सारखाच. वाचणाऱ्याला फरक पडत नाही, तर फोनला का पडावा? मला हा आक्षेप पटत नाही. लिपी सारखी असणं आणि भाषा कळणं या दोन गोष्टी आहेत. ‘शिक्षा’ मराठीत दंड होतो आणि हिंदीत शिक्षण. फॉर्मवर असा एक शब्द उलटा वाचला गेला तर अर्ज चुकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की मराठी नसेल तर काय हवं, हे ठरवण्याचा हक्क वाचणाऱ्याचा आहे. कोणाला हिंदी सोपी जाते. जिची शाळा मराठीत झाली आणि नोकरी इंग्रजीत, तिला कदाचित इंग्रजी सोपी जाते. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाच्या यादीत उर्दूनंतर मराठी असू शकते, कारण मराठी त्याने शाळेतच शिकलेली असते. फोनने लिपी बघून अंदाज बांधला तर या तिघांपैकी दोघांच्या बाबतीत तो चुकेल. यादी आहे ती एवढ्याचसाठी. अडचण यादी अपुरी असण्याची नाही. यादी नीट लावूनही पोकळ कप्प्यामुळे ती डावलली जाते, ही अडचण आहे.

दुसरा आक्षेप जास्त कोरडा आहे: मुंबईत इंग्रजीची चार बटणं सगळ्यांना कळतात, एवढा आटापिटा कशाला? याचं उत्तर तर्काने देण्यापेक्षा घडलेल्या गोष्टीकडे बोट दाखवावं. 2021 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आणलं. अंगणवाडीतल्या मुलांची उंची, वजन, हजेरी, गरोदर स्त्रियांची नोंद, सगळं त्यात भरायचं. त्याच वर्षी महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट आहेत आणि अ‍ॅपमध्ये मराठी नाही, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. मानखुर्द, गोवंडी हा मुंबई महापालिकेच्या एम पूर्व विभागाचा पट्टा, इथे अंगणवाड्या वस्तीवस्तीत आहेत. मुलाचं वजन नोंदवताना चूक होऊन चालत नाही, कारण त्याच आकड्यावर मूल कुपोषित ठरतं किंवा ठरत नाही. पुढे त्या अ‍ॅपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या. पण या प्रसंगातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. सेविकेने फोनची भाषा दहा वेळा मराठी केली असती तरी अ‍ॅप मराठी झालं नसतं, कारण कप्पाच नव्हता. फोनची भाषा बदलणं ही मागणी आहे. पुरवठा अ‍ॅपकडून व्हावा लागतो, आणि तो नसताना दोष मागणाऱ्याच्या अज्ञानावर टाकला जातो, याची मला चीड येते.

मग मराठी थोडी तरी घाला, निदान मुख्य पडदे तरी मराठीत करा, पुढचं पुढे बघू, असं अ‍ॅप बनवणारे म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण वर सांगितलेल्या दोन कामांशी हे ताडून पाहिलं की धोका दिसतो. हजार वाक्यांपैकी तीनशे मराठी केली आणि `values-mr` बाहेर पाठवला, की मराठी पहिली असलेल्या प्रत्येक फोनवर निर्णय मराठीचा होणार आणि उरलेली सातशे वाक्यं इंग्रजीत येणार. पोकळ कप्पा नसेल, तर यांच्यापैकी ज्यांच्या यादीत मराठीखाली हिंदी आहे त्यांना काल पूर्ण हिंदी दिसत होती. म्हणजे मराठी घालून आपण त्यांच्याकडून सातशे वाक्यं काढून घेतली. आणि उरलेली वाक्यं नेमकी कोणती असतात? चुकांचे संदेश, परताव्याचे नियम, ‘व्यवहार अपूर्ण राहिला’ अशा सूचना. भाषांतर नेहमी पहिल्या पानापासून सुरू होतं आणि वेळ संपला की शेवटची पानं राहतात, आणि माणूस गोंधळतो तो त्या शेवटच्या पानांवरच. म्हणून अर्धवट मराठी बाहेर पाठवू नये या मताचा मी आहे. अगदीच पाठवायची झाली तर राहिलेल्या वाक्यांच्या जागी `values-mr` मध्ये तात्पुरती हिंदी वाक्यं ठेवावीत की नाही, यावर दुमत होऊ शकतं. मला तो मार्गही नको वाटतो, कारण मग इंग्रजी सोपी जाणाऱ्याची निवड आपण बुडवतो आणि ती हिंदी नंतर कोणी काढायला येत नाही.

आता अ‍ॅपपुरत्या भाषेचा मार्ग. अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, फोनची भाषा तीच ठेवून एकेका अ‍ॅपला वेगळी भाषा देता येते. सेटिंग्जमध्ये भाषांच्या पानावर ‘अ‍ॅप भाषा’ असा भाग असतो, किंवा अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर ‘भाषा’ अशी ओळ असते. नेमकी जागा फोन बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलते. आयफोनवर हीच सोय 2019 च्या आयओएस 13 पासून आहे. पोकळ कप्प्याने हिंदी अडवली असेल तर इथे त्या अ‍ॅपपुरती हिंदी निवडली की काम होतं आणि बाकीचा फोन मराठीच राहतो. मात्र या यादीत तीच अ‍ॅप्स दिसतात ज्यांच्या बनवणाऱ्याने आपल्या भाषांची यादी जाहीर केली आहे. अ‍ॅप तिथे नसेल तर वापरणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. आणि एकदा इथे भाषा ठरवली की ती फोनच्या यादीच्या वर बसते. दोन वर्षांपूर्वी कोणी इंग्रजी ठरवून ठेवली असेल तर आज फोनची भाषा कितीही बदला, ते अ‍ॅप इंग्रजीतच उघडेल. घरात फिरणाऱ्या किंवा जुन्या बाजारातून घेतलेल्या फोनवर हे विशेष तपासावं. निवड ‘सिस्टम डीफॉल्ट’वर आणली की अ‍ॅप पुन्हा फोनच्या यादीप्रमाणे चालू लागतं.

अ‍ॅपच्या आत स्वतःचं भाषेचं पान असताना सेटिंगची गरज काय, असंही विचारलं जातं. ते पान चांगलंच आहे, फोनच्या सेटिंग्जमध्ये शिरायला घाबरणाऱ्या माणसाला तेच सापडतं. पण त्याच्यामागे दोन अडचणी असतात. पहिली अशी की पुष्कळ अ‍ॅप्स आपली निवड स्वतःच्या वहीत लिहून ठेवतात आणि फोनला सांगत नाहीत. मग सेटिंगमध्ये एक भाषा, अ‍ॅपच्या वहीत दुसरी, आणि सूचनांचे संदेश पाठवणाऱ्या सर्व्हरवर नाव नोंदवतानाची तिसरी. अ‍ॅप मराठी, पण वर सरकणारी सूचना इंग्रजी, असं दिसलं तर ती सूचना बहुधा सर्व्हरवरून आलेली असते, आणि तसं असेल तर फोनमध्ये कितीही शोधलं तरी ती भाषा तिथे सापडणार नाही. दुसरी अडचण डाउनलोडची. प्ले स्टोअर आता अ‍ॅपचे तुकडे करून देतं आणि फोनच्या यादीतल्या भाषांचेच तुकडे उतरवतं, म्हणजे डेटा आणि जागा वाचते. फोनच्या यादीत मराठी नसताना अ‍ॅपच्या पानावर ‘मराठी’ दाबलं तर मराठीचा तुकडा फोनमध्ये नसतोच. बनवणाऱ्याने तो त्या क्षणी मागवण्याची व्यवस्था केली नसेल, तर ‘मराठी’वर टिकमार्क येतो आणि पान इंग्रजीच राहतं. अशा वेळी फोनच्या यादीत मराठी खाली कुठेतरी जोडून थोडा वेळ इंटरनेट चालू ठेवलं की तुकडा उतरतो. अ‍ॅपच्या आतलं पान हवं असेल तर त्याने फोनच्याच सेटिंगला सांगावं, वेगळी वही ठेवू नये. त्यासाठीची सोय जुन्या अँड्रॉइडवरही चालते, त्यामुळे जुन्या फोनचं कारण पुढे करता येत नाही.

काही बनवणारे मराठी अंकांना घाबरून अख्खं अ‍ॅप इंग्रजीला खिळवून टाकतात, हेही सांगायला हवं. फोन मराठीत असला की रक्कम ‘५००’ अशी तयार होते, ती तशीच सर्व्हरकडे जाते, सर्व्हरला ती आकडा वाटत नाही आणि व्यवहार अडतो. भीती खरी आहे, पण इलाज चुकीचा. यंत्राने यंत्राला पाठवायच्या आकड्यापुरतं `Locale.ROOT` वापरावं आणि माणसाने वाचायचं ते माणसाच्या भाषेत ठेवावं.

पोकळ कप्प्याचा इलाज तर तीन ओळींचा आहे. आपण खरोखर कोणत्या भाषा दिल्या आहेत ते अ‍ॅप बांधतानाच सांगायचं, म्हणजे संचांतून आलेले बाकीचे कप्पे गाळले जातात:

```
defaultConfig {
    resourceConfigurations += listOf("en", "hi")
}
```

नव्या आवृत्त्यांत याच कामासाठी `localeFilters` आहे. यानंतर मराठीची रिकामी चिठ्ठी उरत नाही, आणि मराठी, मग हिंदी अशी यादी असलेल्या फोनवर अ‍ॅप हिंदीत उघडतं. मराठीचं भाषांतर पूर्ण झालं की यादीत `"mr"` जोडायचं. आणि हे तपासायला स्वतःचा इंग्रजी फोन घेऊन बसायचं नाही. फोनची यादी मराठी, हिंदी अशी लावायची, अ‍ॅप नव्याने उतरवायचं, आणि सरळ शेवटच्या पानावर जायचं, जिथे पैसे कापले गेले पण पावती आली नाही असा संदेश आहे. तो संदेश आणि त्याखालची तारीख एकाच भाषेत आहेत का, ते पाहायचं.